दहा टनांत किती सळया?

घर बांधायला काढलेला माणूस सळईच्या दुकानात गेला की एक प्रश्न हमखास विचारतो: एका टनात बारा एमएमच्या सळया किती येतात? दुकानदार तोंडपाठ उत्तर देतो, ‘त्र्याण्णव-चौऱ्याण्णव येतील.’ घराचा अंदाज बांधायला हे उत्तर पुरेसं आहे. पण हाच आकडा दुकानाच्या संगणकात कायमचा बसवला, तर काही महिन्यांनी गोदामात असलेला माल वहीत सापडत नाही आणि वहीत असलेला माल गोदामात सापडत नाही. चोरी झालेली नसते, कुणी खोटं बिलही केलेलं नसतं. चूक एका गुणकात असते, आणि कागदावर तो गुणक बरोबर असल्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब यांना एकत्र बांधणाऱ्या संगणक प्रणालीला ईआरपी म्हणतात. पूर्वी ती मोठ्या कारखान्यांपुरती होती. आता मुंबईत तयार झालेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’सारख्या प्रणाली मध्यम व्यापाऱ्यालाही परवडतात. अशा प्रणालीत प्रत्येक वस्तूचं एक मूळ एकक ठरवावं लागतं, म्हणजे तिचा साठा कशात मोजायचा ते. इतर कोणत्याही एककात व्यवहार झाला की प्रणाली त्याला ठरलेल्या गुणकाने गुणते आणि मूळ एककात साठा वाढवते किंवा कमी करते. तीन वेगळी मापं एका वहीत नांदतात ती या गुणकाच्या जोरावर.

सळईच्या धंद्यात ही तिन्ही मापं स्पष्ट दिसतात. जालन्यातल्या किंवा आणखी कुठल्या मिलमधून माल येतो तेव्हा बिल टनात असतं, कारण मिल लोखंड वजनावर विकते. व्यापारी बहुधा साठा किलोत लिहितो. आणि गिऱ्हाईक येतं ते नग मागायला: ‘बारा एमएमच्या चाळीस द्या, आठच्या साठ द्या.’ खरेदी टनात, साठा किलोत, विक्री नगात.

गुणकांच्या दोन जाती

टनाचे किलो करताना १००० ने गुणायचं. हा गुणक व्याख्येनेच ठरलेला आहे. मिल बदलली, ऋतू बदलला, भाव बदलला तरी तो हलत नाही. बंडलाचे नग करतानाही बरीचशी तीच गोष्ट आहे. बारा एमएमच्या बंडलात सहसा पाच सळया असतात. मिलने तसं ठरवलेलं असतं आणि आपण बंडल सोडून मोजू शकतो.

नगाचे किलो करताना मात्र प्रकरण वेगळं होतं. इथे बांधकामाच्या साइटवर सगळ्यांना माहीत असलेलं सूत्र वापरतात: सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. उत्तर येतं एका मीटरचं वजन किलोत. हा १६२ आकडा पोलादाच्या घनतेतून येतो. एका घनमीटर पोलादाचं वजन ७८५० किलो धरलं आणि गोल सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ काढलं की सगळं आटोपून व्यासाचा वर्ग भागिले १६२ एवढंच उरतं. बारा एमएमसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८८९ किलो. सळई बारा मीटर लांब असते, म्हणून एका नगाचं वजन १०.६६७ किलो.

हे वजन आदर्श सळईचं आहे, अगदी बरोबर बारा मिलिमीटर जाड असलेल्या गोल सळईचं. मिलमधून येणारी सळई तशी नसते. तापलेलं पोलाद ज्या रोलांमधून दाबून काढतात त्या रोलांचे खाचे हळूहळू झिजतात. खाचा झिजून रुंद झाला की त्यातून निघणारी सळई किंचित जाड, म्हणून किंचित जड होते. नवा खाचा लावला की पुन्हा हलकी. त्यामुळे एकाच मिलची एकाच मापाची सळईही या महिन्यात हलकी आणि पुढच्या महिन्यात जड निघू शकते.

भारतीय मानकालाही हे मान्य आहे. आयएस १७८६ हे बांधकामाच्या सळयांचं मानक. त्यात एका लॉटच्या वजनात किती फरक चालेल ते दिलेलं आहे. दहा एमएमपर्यंत कमी-जास्त ७ टक्के, दहाच्या वर सोळापर्यंत ५ टक्के आणि सोळाच्या वर ३ टक्के. बारा एमएमचा एक नग सरासरीने १०.१३ किलोचा असो वा ११.२० किलोचा, दोन्ही मानकात बसतात. दहा टनांत याचा अर्थ काय होतो पाहा. सळई हलकी असेल तर सुमारे ९८७ नग, जड असेल तर सुमारे ८९३. चौऱ्याण्णव नगांचा फरक, आणि कुणीही फसवलेलं नाही.

म्हणजे ‘१ टन = १००० किलो’ ही व्याख्या आहे आणि ‘१ नग = १०.६६७ किलो’ हा अंदाज आहे. ईआरपीच्या पडद्यावर मात्र दोघेही एकाच तक्त्यात, एकाच रकान्यात, सारख्याच अक्षरांत दिसतात. प्रणालीला त्यांच्यातला फरक कळत नाही. तो बसवणाऱ्या माणसालाच कळायला हवा.

दोन गाड्यांचा हिशेब

समजा, तालुक्याच्या गावातला एक व्यापारी साठा किलोत ठेवतो आणि नगाचा गुणक त्याने १०.६६७ बसवला आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून खरेदीचा भाव किलोला ५५ रुपये आणि विक्रीचा ६० रुपये धरू. सूत्राने एका नगाची खरेदी ५८६.६७ रुपयांना पडते आणि नग ६४० रुपयांना विकला जातो. नगामागे ५३ रुपये सुटतात असं ईआरपी दाखवते.

पहिली गाडी येते. बारा एमएम, दहा टन. गाडीतून १९३ बंडलं उतरतात, म्हणजे ९६५ नग. प्रत्यक्ष सरासरी १०.३६ किलोची झाली. सळई सूत्रापेक्षा जवळजवळ ३ टक्के हलकी आहे आणि मानकात व्यवस्थित बसते. पण नग कुणी मोजले नाहीत. बिलावर दहा टन होते, काट्याची पावती दहा टनांची होती, ईआरपीत १०,००० किलो जमा झाले.

विक्री सुरू होते. दर नगामागे प्रणाली १०.६६७ किलो वजा करते. ९३७ नग विकले गेले तेव्हा वहीत ५ किलो २१ ग्रॅम उरले, म्हणजे जेमतेम अर्धी सळई. गोदामात मात्र २८ सळया उभ्या आहेत. गिऱ्हाईक समोर आहे, माल समोर आहे आणि संगणक बिल करू देत नाही, कारण त्याच्या लेखी माल संपला. काउंटरवरचा माणूस अशा वेळी जे सुचेल ते करतो. कुणी दुसऱ्या मापाच्या सळईवर बिल फाडतो, कुणी साठा उणे जाऊ देण्याची परवानगी चालू करून टाकतो. मूळ चूक एका गुणकाची होती, आता तिच्यावर आणखी दोन नोंदी चुकीच्या चढल्या.

दुसरी गाडी येते. पुन्हा दहा टन, पण या खेपेला १८३ बंडलं, ९१५ नग. सळई अडीच टक्के जड आहे, नग जवळजवळ १०.९३ किलोचा. सगळे ९१५ नग विकून गोदाम रिकामं होतं, तेव्हा ईआरपीने ९,७६० किलो वजा केलेले असतात. वहीत २४० किलो शिल्लक दिसतात. ५५ रुपयांच्या भावाने १३,२०० रुपयांचा माल, जो कुठेही नाही.

आता दोन्ही गाड्या एकत्र करून पाहू. आवक २०,००० किलो. विक्री १,८८० नग, सूत्राने २०,०५३ किलो. फरक फक्त ५३ किलो. महिनाअखेरीला कुणी आकडे तपासले तर तो पाव टक्क्याचा फरक पाहून समाधानाने मान डोलावेल. एका गाडीची चूक दुसरीने झाकली. पण दोन गाड्यांतला नफा सारखा नव्हता. पहिल्या गाडीचा नग प्रत्यक्षात ५७० रुपयांना पडला होता, म्हणजे नगामागे ७० रुपये सुटले. दुसऱ्या गाडीचा नग ६०१ रुपयांना पडला, तिथे फक्त ३९ सुटले. ईआरपी दोन्हींना ५३ म्हणत राहिली. कोणत्या मिलचा माल नगावर विकायला परवडतो, हे व्यापाऱ्याला त्याच आकड्यांतून कळायला हवं होतं.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही हे पाहायला हवं. पहिल्या गाडीतल्या शंभर सळया एका घरमालकाने नेल्या आणि बिलावर प्रणालीने १,०६७ किलो छापले. त्याने वाटेतल्या काट्यावर गाडी घातली तर १,०३६ भरतील. तीस किलोंचा, म्हणजे अठराशे रुपयांचा फरक त्याला दिसेल, आणि दुकानदाराने काटा मारला असंच तो म्हणेल. त्याला शंभर नग बरोबर मिळालेले आहेत. न तोललेलं वजन बिलावर छापलं गेलं, हा दोष आहे.

दशांशचिन्हानंतरचे अंक

याच्या अलीकडे एक साधी चूक असते, ती आधी निस्तरली पाहिजे. १०.६६७ हा आकडाही पूर्ण नाही. व्यासाचा वर्ग, लांबी आणि १६२ एकत्र मांडले की नगाचं वजन येतं ३२ भागिले ३, म्हणजे १०.६६६६ आणि पुढे सहाच सहा. कुणी तो १०.६७ लिहितो. मानकाच्या तक्त्यात बारा एमएमचं वजन मीटरला ०.८८८ दिलेलं आहे. ते घेणाऱ्याचा नग १०.६५६ किलोचा होतो. दुकानात एका माणसाने एक आणि दुसऱ्या शाखेत दुसऱ्याने दुसरा आकडा बसवला की एका शाखेतून दुसरीकडे माल पाठवतानाच किलो कमी-जास्त होऊ लागतात.

उलट दिशेचा गुणक हाताने बसवला तर चूक वाढते. एका किलोत किती नग? ०.०९३७५. कुणी तो ०.०९४ असा गोळाबेरीज करून लिहिला, तर दहा टनांचे ९४० नग होतात. ते ९४० नग १०.६७ ने गुणून पुन्हा किलो करा: १०,०२९.८. काहीही विकत न घेता तीस किलो लोखंड तयार झालं. गुणक तपासायची सगळ्यांत सोपी रीत हीच आहे. एक आकडा एका एककातून दुसऱ्यात न्यावा आणि परत आणावा. निघालेला आकडा परत आला नाही तर गुणक कुठेतरी तुटलेला आहे.

सॅपसारख्या मोठ्या प्रणालीत यावर चांगला उपाय आहे. तिथे गुणक दशांशात लिहीतच नाहीत, अपूर्णांकात लिहितात: `UMREZ` या रकान्यात अंश आणि `UMREN` या रकान्यात छेद. साठा किलोत असेल तर ३ नग म्हणजे ३२ किलो, एवढं भरलं की झालं. कुठेही काही तोडावं लागत नाही. ज्या प्रणालीत दशांशच लिहावे लागतात तिथे निदान सहा अंक लिहावेत आणि दुसऱ्या दिशेचा गुणक हाताने न भरता प्रणालीला काढू द्यावा.

दिशेची गफलत तर आणखी महाग पडते. ‘१ नग = १०.६६७ किलो’ ऐवजी कुणी त्याच रकान्यात ०.०९३७५ भरलं, तर शंभर नग विकले की साठ्यातून ९.३७५ किलोच वजा होतात. पडद्यावर बिल व्यवस्थित दिसतं, रक्कम बरोबर असते, म्हणून काउंटरवर कुणालाच काही कळत नाही. ते कळतं नफ्याच्या अहवालात. ६४,००० रुपयांच्या विक्रीसमोर मालाची किंमत पाचशे पंधरा-सोळा रुपये दिसते. एखाद्या वस्तूवर अचानक अविश्वसनीय नफा दिसू लागला तर आनंद मानण्याआधी तिचा गुणक उघडून पाहावा.

सळईच्या बाजारात जुनं मापही अजून बोललं जातं. बारा एमएमला ‘चार सूत’ म्हणतात, दहाला ‘तीन सूत’. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे चार सूत खरं तर १२.७ मिलिमीटर भरतं. त्या जाडीने वजन काढलं तर मीटरला जवळजवळ १ किलो येतं, बारा टक्के जास्त. म्हणून सूत हे प्रणालीत एकक म्हणून कधीही घालू नये. ते त्या मालाचं बोलीतलं नाव आहे. वस्तूच्या वर्णनात, शोधताना सापडावं म्हणून, ते जरूर लिहावं.

गाडी उतरताना दोन आकडे

या सगळ्यावर उपाय आहे आणि तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये असण्याआधी गोदामाच्या फाटकावर आहे. माल येताना दोन गोष्टी नोंदवायच्या: वजन आणि नग. वजन काट्याच्या पावतीवर असतंच. नग मोजायला बंडलं मोजून पाचाने गुणायचं, आणि अधूनमधून एखादं बंडल सोडून त्यात पाचच आहेत ना ते पाहायचं. सुटे नग वेगळे मोजायचे. उतरवताना मोजलं तर यासाठी वेगळा वेळ जवळजवळ लागतच नाही. रचून ठेवल्यावर मोजायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो.

मग साठ्याचं मूळ एकक किलो ठेवायचं की नग? माझं मत नगाच्या बाजूने आहे, निदान नगावर विकणाऱ्या दुकानासाठी. गोदामात जाऊन हाताने जे मोजता येतं त्यातच साठा असावा. दहा टन सळई पुन्हा तोलायची तर गाडीत भरून काट्यावर न्यावी लागेल. तीच सळई मोजायला एक माणूस आणि एक वही पुरते. शिवाय ‘नग’ या एककाला पूर्ण संख्येची अट घालता येते. ईआरपीनेक्स्टमध्ये एककावरच `Must be Whole Number` अशी खूण असते. ती केली की अर्धी सळई वहीत उरूच शकत नाही.

त्यानंतर गुणक वस्तूच्या मास्टरमधून न घेता प्रत्येक आवकेच्या ओळीत त्या गाडीचा खरा गुणक भरायचा. पहिल्या गाडीची नोंद अशी होईल:

```
qty               = 10
uom               = MT
conversion_factor = 96.5
stock_uom         = Nos
stock_qty         = 965
```

बिल दहा टनांचंच राहिलं. मिलच्या बिलाशी, करपत्रकाशी, देण्याच्या रकमेशी काहीही फरक पडला नाही. साठ्यात मात्र ९६५ नग आले आणि प्रणालीने साडेपाच लाख रुपये ९६५ ने भागून नगाची खरी किंमत ५६९.९५ काढली. दुसऱ्या गाडीच्या ओळीत ९१.५ येईल आणि किंमत ६०१.०९ निघेल. मास्टरमध्ये ९३.७५ हा सूत्राचा आकडा राहू द्यावा. तो खरेदीची मागणी नोंदवताना अंदाजासाठी उपयोगी आहे. माल आला की त्याची जागा मोजलेल्या आकड्याने घ्यावी.

दोन्ही गाड्यांचा माल वेगळा रचता आला आणि प्रत्येकीला लॉट नंबर दिला, तर विक्रीच्या वेळी कोणत्या लॉटमधून नग गेला ते सांगता येतं आणि नफा गाडीनिहाय कळतो. जागा नसेल, माल एकत्र रचावा लागत असेल, तरी नग चुकत नाहीत. फक्त किंमत सरासरीने धरली जाते.

विक्रीची शिस्तही ठरवून घ्यावी लागते. नगावर विकलं तर बिलात नग आणि नगाचा भाव. वजनावर विकलं तर गाडी प्रत्यक्ष तोलायची, बिलात ते किलो लिहायचे आणि साठ्यासाठी गाडीत चढलेले नग मोजून भरायचे. दीड हजार किलोच्या गाडीत १४५ नग गेले असतील तर साठ्यातून १४५ च वजा झाले पाहिजेत. नग मोजून दिले आणि सूत्राने किलो करून बिल फाडलं, हे तिसरं कधीही करू नये. जीएसटीच्या पत्रकातही प्रत्येक मालाचं परिमाण ठरलेल्या सांकेतिक एककात द्यायचं असतं, किलोसाठी `KGS`, टनासाठी `MTS`, नगासाठी `NOS`. बिल ज्या मापात झालं तेच माप तिथे गेलं तर नंतर कुणी विचारल्यावर काट्याची पावती किंवा मोजणीची वही दाखवता येते.

वजनातली घट या गुणकात मिसळू नये. मिलच्या बिलावर १०,००० किलो आणि आपल्या काट्यावर ९,९४० भरले, तर ते साठ किलो मिलशी बोलून मिटवायचे आहेत. बिलाचे किलो भागिले नग करून ते गुणकात विरघळवले तर सळई जड आहे असं वाटेल आणि मिलकडे मागायची भरपाई कायमची विसरली जाईल.

गुणक बदलताना

चूक लक्षात आली की पहिला मोह होतो मास्टरमधला गुणक बदलून टाकण्याचा. इथे जरा थांबावं. ईआरपीनेक्स्टसारख्या प्रणालीत प्रत्येक नोंदीच्या ओळीत तेव्हाचा गुणक साठवलेला असतो, त्यामुळे जुना इतिहास हलत नाही. पण आधीच घेतलेल्या आणि अजून न पोचलेल्या मागण्यांत जुनाच गुणक बसलेला असतो. त्या एकेक उघडून पाहाव्या लागतात. जी प्रणाली किंवा जी एक्सेलची शीट अहवाल काढताना नव्याने गुणाकार करते, तिथे गुणक बदलला की मागच्या वर्षीचा साठाही बदलतो. म्हणून आधी मोजणी करावी, फरक साठादुरुस्तीच्या नोंदीने उघडपणे दाखवावा आणि मगच पुढच्या आवकेपासून नवा गुणक लावावा.

मूळ एकक बदलायचं तर आणखी आधी विचार हवा. एकदा व्यवहार झाले की ईआरपीनेक्स्ट मूळ एकक बदलू देत नाही, आणि ते योग्यच आहे. किलोच्या वहीत आतापर्यंत लिहिलेले आकडे एकाएकी नग म्हणून वाचले गेले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. अशा वेळी नवी वस्तू तयार करायची, जुन्या वस्तूची शिल्लक शून्यावर आणायची आणि मोजलेले नग नव्या वस्तूत जमा करायचे. वर्षाची सुरुवात यासाठी सोयीची असते.

नगाच्या एककालाही मर्यादा आहेत. आठ एमएमची सळई कित्येकदा वेटोळ्यात येते. तिथे नग नसतोच, म्हणून किलोच बरे. गिऱ्हाइकाने सात मीटर कापून नेली तर उरलेले पाच मीटर नगात बसत नाहीत. अशा तुकड्यांसाठी वेगळी वस्तू हवी, तीही किलोत. आणि जिथे प्रत्येक व्यवहारात वजन आणि नग दोन्ही सारखेच महत्त्वाचे असतात, तिथे साठाच दोन मापांत समांतर चालवावा लागतो. या सोयीला ‘कॅच वेट’ म्हणतात. सॅप आणि मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये ती मिळते. चीजचे गोळे, मासे, मांस असा माल विकणाऱ्यांना तिची गरज पडते, कारण तिथे प्रत्येक नगाचं वजन वेगळं असतं. सळईच्या दुकानाला बहुधा तिच्यावाचून भागतं.

सळईखेरीज दुसऱ्या मालाचं काम करणाऱ्यानेही आपल्या वस्तूंची यादी घेऊन बसावं आणि प्रत्येक गुणकासमोर एक खूण करावी: हा व्याख्येने ठरलेला आहे की सरासरीने मानलेला? खोक्यात बारा पाकिटं, हा ठरलेला. खाद्यतेलाचा टँकर टनात येतो, टाकीत किलोत मोजला जातो आणि लिटरच्या पिशव्यांत विकला जातो. तिथे लिटरला ९१० ग्रॅम हा मानलेला आकडा आहे, कारण तेल तापलं की फुगतं आणि एका लिटरचं वजन कमी होतं. कागद किलोने येतो आणि रिमने जातो. रिमचं वजन कागदाच्या जाडीवर आणि त्यातल्या दमटपणावर ठरतं, म्हणून तोही मानलेला.

ठरलेले गुणक एकदा तपासून कुलूपबंद करावेत आणि ते बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा. मानलेल्या प्रत्येक गुणकासमोर लिहावं की खरा आकडा कुठे मोजला जाईल, कोण मोजेल आणि कोणत्या नोंदीत भरेल. ज्या गुणकासमोर ही जागा रिकामी राहील, त्या वस्तूची प्रत्यक्ष मोजणी सगळ्यांत आधी करावी. फरक बहुधा तिथेच सापडतो.